गिऱ्हाईक आपणहून लिहील याची वाट पाहू नका

«काम चांगलं असेल तर गिऱ्हाईक आपणहून अभिप्राय लिहितं, मागावा लागला म्हणजे काम कच्चं. मागायचाच असेल तर शेवटचा हप्ता घेताना मागा, तेव्हा माणूस खूश असतो. आणि त्याला त्रास नको, मजकूर आपणच लिहून पाठवा, त्याने फक्त ओके म्हणायचं.»

हा मेसेज आमच्या कंत्राटदारांच्या तीन ग्रुपांवर फिरून झाला. मी सिंधुदुर्गात जुन्या कौलारू घरांची छपरं दुरुस्त करतो. गिऱ्हाइकं बहुतेक चाकरमानी, घर गावाला आणि माणूस डोंबिवली नाहीतर विरारला.

आपणहून लिहिण्याचं म्हणाल तर माणूस लिहितो तो चिडल्यावर. छप्पर गळायचं थांबलं की तो छप्पर विसरतो, आणि ते विसरावं म्हणूनच त्याने आपल्याला पैसे दिलेले असतात. शिवाय खूश माणसालासुद्धा ‘काहीतरी लिहा’ म्हटलं की शाळेतला निबंध आठवतो. आठवडाभर तो ‘लिहितो, लिहितो’ म्हणतो आणि मग आपला फोन उचलायलाही लाजतो. त्याच्याकडे सांगायला असतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही.

शेवटच्या हप्त्याच्या वेळी मागणं तर आमच्या धंद्यात फुकट. मी मे महिन्यात काम संपवतो. तेव्हा माणूस फार तर ‘काम नीटनेटकं झालं’ म्हणेल, कारण छपरावर अजून थेंब पडलेला नसतो. कौलांची खरी परीक्षा जूनमध्ये, वाऱ्याबरोबर आडवा पाऊस लागतो तेव्हा. म्हणून दोन-तीन जोराच्या सरी झाल्या की मी आधी नुसतं ‘गळतंय का कुठे?’ एवढंच विचारायला फोन करतो. गळत असेल तर माणसं पाठवायची, अभिप्रायाचा विषय काढायचा नाही. ‘नाही हो, कोरडं आहे’ असं आलं की त्याच दिवशी मागायचं.

गेल्या वर्षी एका काकांना पाठवलेला मेसेज हा असा:

«काका, माजघर कोरडं राहिलं म्हणालात, बरं वाटलं. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला तुमचे दोन-तीन ओळींचे शब्द हवेत. एवढंच सांगा: १) आधी काय त्रास होता? २) मला काम देताना कसली धास्ती होती? ३) आता काय फरक पडला? टाइप करू नका, मिनिटभर बोलून व्हॉइस पाठवा. मी लिहून काढतो, तुम्हाला दाखवल्याशिवाय कुठे लावणार नाही. जमणार नसेल तर तसं सांगा, राग नाही.»

अर्ध्या तासात व्हॉइस आला. त्यातला दुसऱ्या प्रश्नाचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटला. काका म्हणाले, आपण मुंबईत, गावाला लक्ष कोण ठेवणार, वासे न बदलताच बदलले म्हणून सांगतील, ही धास्ती होती. पण रोज संध्याकाळी फोटो येत होते. पुढच्या चाकरमान्याच्या पोटात नेमकी हीच भीती असते. ‘कसं वाटलं काम?’ एवढंच विचारलं असतं तर ती कधी बाहेर आली नसती, ‘छान’ म्हणून गप्प बसले असते.

आता आपणच मजकूर लिहून पाठवायचा मुद्दा. माणूस भिडेखातर ओके म्हणतोही, पण आपण लिहिलं की ‘दर्जेदार काम, वाजवी दर, तत्पर सेवा’ हेच उतरतं, आणि दहा गिऱ्हाइकांच्या नावाखाली एकच आवाज ऐकू येतो. काका बोलता बोलता म्हणाले होते, «औंदा आवशीन माजघरात टोपां मांडूक नाय.» म्हणजे यंदा आईने माजघरात गळतीखाली पातेली मांडली नाहीत. हे मला सात जन्मात सुचलं नसतं. त्यांच्या बोलण्यातला पाल्हाळ मी काढला, उरलेलं त्यांच्याच शब्दांत ठेवलं:

«दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ दरवर्षी गळायची. आम्ही मुंबईला, काम बघणार कोण ही धास्ती होती, पण रोज संध्याकाळी फोटो यायचे. औंदा आवशीन माजघरात टोपां मांडूक नाय.»

हे त्यांना परत पाठवलं आणि नाव, गाव, घराचा फोटो यांपैकी काय लावू ते वेगवेगळं विचारलं. नाव आणि गाव चालेल म्हणाले, फोटो नको. घरात आई एकटीच असते, ते चारचौघांना कशाला दाखवायचं? बरोबर आहे.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करतो, तीही गणपतीच्या धामधुमीत नाही. दुसऱ्यांदा नाही. कुणी ‘अभिप्रायावर पाचशे सूट’ असंही सुचवतात. गूगलवर मोबदला देऊन घेतलेले अभिप्राय नियमांत बसत नाहीत, आणि गावात तर ती सूट आपल्या आधी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कानावर पोचलेली असते.