दोनच चाकं हवी होती हो

आधी चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला हाताची बोटं जमायची नाहीत, सहा-सात यायची, त्यावर लोक पोट धरून हसले आणि पुढच्या व्हर्जनांत ती बरीचशी सुधारली. सायकलच्या बाबतीत मात्र कुणी फारसं हसलं नाही, कारण चित्रातली सायकल चुकलीय हे दहातल्या नऊ जणांना दिसतच नाही. दहावा आमच्या सायकलिंग ग्रुपमध्ये आहे आणि पोस्टर फायनल करायचं काम नेमकं त्याच्याकडे.

पोस्टरसाठी मॉडेलकडून काढून घेतलेली पहिली सायकल मी त्याला पाठवली, मला तर झकास वाटली होती. याचा रिप्लाय एका ओळीचा, "अरे, ही वळणार कशी?" मग नीट बघितलं तर फ्रेमची एक नळी पॅडलपासून निघून थेट पुढच्या चाकाच्या मध्यात जाऊन बसलेली. म्हणजे सायकल नाकासमोर सरळ चालणार, वळण आलं की उतरून उचलायची आणि फिरवून ठेवायची.

यात मॉडेललाच एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही म्हणा. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांचा २००६ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना सायकल आठवणीतून पूर्ण करायला सांगितलं होतं. तर लोकांनीही हेच केलं, पुढचं आणि मागचं चाक नळीने जोडून टाकलं, चेन दोन्ही चाकांवरून फिरवली. रोज बघतो म्हणून आपल्याला माहितीय असं वाटतं, एवढंच.

तर फ्रेमचं गणित असं. सीटखालची नळी दोन्ही बाजूंना कॉमन. तिच्या मागे एक त्रिकोण, त्याच्या टोकाला मागचं चाक. तिच्या पुढे दुसरा त्रिकोण, तो पुढच्या टोकाला जरा कापलेला, कारण तिथे हँडलची आखूड नळी येते. आणि फ्रेम तिथेच संपते! त्या आखूड नळीतून चिमटा खाली येतो आणि पुढचं चाक फक्त चिमट्याच्या ताब्यात असतं. चित्र तपासताना पुढच्या चाकाच्या मध्यावर बोट ठेवायचं, चिमट्याशिवाय दुसरी कुठली नळी तिथे पोचत असेल तर चित्र बाद.

चेनचंही तसंच. तिला दोनच दातेरी चकत्या माहीत, एक पॅडलपाशी आणि एक मागच्या चाकाच्या मध्यात, आणि ती असते सायकलच्या उजव्या अंगाला. म्हणजे सायकलचं तोंड उजवीकडे असेल तर चेन पूर्ण दिसायला हवी, डावीकडे असेल तर ती चाकापलीकडे जाते. आता पोस्टरवर मजकूर उजव्या बाजूला हवा म्हणून कुणीतरी उत्साहाने "इमेज फ्लिप कर की" म्हणतं, आणि एका क्लिकमध्ये चेन डाव्या अंगाला. आमच्या दहाव्याला हे मोबाईलच्या थंबनेलमध्येसुद्धा दिसलं, काय डोळे आहेत राव!

चित्रात मधूनच उगवणाऱ्या तिसऱ्या चाकाची भानगड वेगळी. मी भाबडेपणाने नाही, चांगलं चिडून प्रॉम्प्टमध्ये लिहिलं होतं की तिसरं चाक नको. बऱ्याच मॉडेलांना 'नको' नीट कळत नाही, 'तिसरं चाक' तेवढं छान कळतं, मग ते प्रेमाने देतात. नको असलेल्या गोष्टींसाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टची वेगळी चौकट असेल तर तिथे टाकायच्या, नसेल तर विषयच काढायचा नाही. दुसरं म्हणजे चित्राचा आकार. पोस्टर लांबुळकं म्हणून मी चित्रही तसंच लांबलचक मागत होतो, आणि मॉडेल ज्या आकारांवर शिकलंय त्यापेक्षा बरीच जास्त जागा दिली की ते ती भरायला तीच वस्तू परत काढतं, अर्धी सायकल, एक चाक, जे सुचेल ते. मी वापरतो त्या एसडीएक्सएल मॉडेलला १२१६ बाय ८३२ पिक्सेल हा ओळखीचा आकार आहे आणि सायकल त्यात आरामात मावते. उरलेली रिकामी जागा पोस्टरमध्ये नंतर वाढवायची. शेवटी प्रॉम्प्ट एवढाच उरला:

```
side view photo of one steel road bicycle facing right,
diamond frame, drive side visible,
chain from crankset to rear hub,
plain white background, whole bicycle visible
```

बाजूने, एकच, उजवीकडे तोंड, मागे काही नाही. तिरक्या कोनातून मागितली की चाकं लंबगोल होतात आणि चुका लपायला जागा मिळते, आपल्याला त्या दिसायला हव्यात.

आणि मग स्पोक. इथे खरा छळ झाला, कारण स्पोक शब्दांनी सुटतच नाहीत. 'बत्तीस स्पोक' लिहा नाहीतर 'छत्तीस' लिहा, मॉडेल मोजत नाही. साधा हिशोब करून बघा, १२१६ पिक्सेल रुंदीत सायकलला ११०० मिळाले आणि सायकल साधारण १.७ मीटर लांब, तर चाक येतं सुमारे ४४० पिक्सेलचं. स्पोक दोन मिलिमीटर जाड, म्हणजे चित्रात जेमतेम सव्वा पिक्सेल. आणि हे मॉडेल पिक्सेलवर काम करतच नाही, ते आठ बाय आठ पिक्सेलचा एकेक चौकोन धरून आतल्या आत छोट्या चित्रावर काम करतं आणि शेवटी ते मोठं करतं. बत्तीस स्पोक धरले तर रिमपाशी दोन स्पोकमध्ये चाळीसेक पिक्सेल अंतर असतं, तिथे त्याचं निभावतं, पण मधल्या हबपाशी तेच अंतर तीन-चार पिक्सेलवर येतं, एका चौकोनात दोन-दोन स्पोक, कोण कुठून आला आणि कुठे गेला कसं कळणार. म्हणून चाक कडेला देखणं आणि मध्यात कोळ्याचं जाळं. त्यात खरे स्पोक हबमधून सरळ बाहेर येत नाहीत, थोडे तिरके निघतात आणि वाटेत एकमेकांना ओलांडतात, म्हणजे अजून गोंधळ.

यावर उपाय एकच, चाकाला जास्त पिक्सेल द्यायचे. फक्त चाकाचा चौकोन कापून तो १०२४ पर्यंत मोठा करायचा आणि तेवढाच भाग इनपेंटिंगने परत काढून घ्यायचा. हबपाशी आता सात-आठ पिक्सेल मिळतात, एका स्पोकला जवळपास एक चौकोन. मग परत लहान करून जागेवर बसवायचं. पुढचं झालं की मागचं, आणि मागच्यात चेन आडवी येते, ती मास्कमधून, म्हणजे परत काढायला दिलेल्या भागातून, वगळायची नाहीतर तिचेही स्पोक होतात.

तरी स्पोक मध्येच हवेत संपत होते. शेवटी कंट्रोलनेट लावलं, त्याला रेषांचं चित्र द्यायचं म्हणजे ते त्याच रेषांवर रंग चढवतं. रेषांचं चित्र कुठून आणायचं? तर मीच काढलं. स्वतःच्या सायकलचा उजव्या बाजूने, हँडलच्या उंचीवरून नाही तर खाली बसून चाकाच्या उंचीवरून फोटो काढला, त्यावर त्रिकोण आखले, दोन वर्तुळं, चेनच्या दोन रेषा, आणि प्रत्येक स्पोक रिमपासून हबपर्यंत एकेक करून ओढला, रात्री अकरा वाजता, मान मोडेपर्यंत. कंट्रोलचा जोर पूर्ण ठेवला तर रंग प्लास्टिकसारखा येतो, फार कमी केला की मॉडेल परत स्वतःच्या मनाचं करतं, ०.८ च्या आसपास माझं जमलं.

म्हणजे सायकल मी काढली आणि मॉडेलने लाल रंग दिला. बायको मागून बघत होती, म्हणाली, "अहो, तो फोटोच का नाही लावत पोस्टरवर?" मी म्हटलं त्यात मागे भिंतीवर कपडे वाळत घातलेत.

दहाव्याला पाठवलं. बराच वेळ टायपिंग दिसत होतं. फ्रेम पास, चेन पास, स्पोक तर त्याने झूम करून मोजले. मग मेसेज आला, "मस्त. फक्त यावर कुणीतरी बसलेलं दाखव, आणि दोन्ही पॅडल एकाच बाजूला खाली नको हां."