सतरा हजारांचं बिल आणि खात्यावर अकराशे नव्वद

रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा कट्टा आहे. परवा संध्याकाळी तिथे संदेशच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला आणि वादाला तोंड फुटलं. संदेश शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो. मागे कंपनीच्या कामासाठी मत्स्यगंधाने मंगळूरला जाऊन आला होता. परत आल्यावर त्याने १७,४४० रुपयांचं बिल दिलं आणि खात्यावर जमा झाले १,१९०.

राजू उसळलाच. "सोळा हजार खाल्ले की रे तुझे!"

"थांब," भाई म्हणाले. भाईंची सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली आहे. "निघताना ॲडव्हान्स किती उचललास?"

"पंधरा हजार."

"मग यायला हवे होते २,४४०. आले १,१९०. शोधायचे ते १,२५०. सोळा हजारांचं नाव काढू नका."

राजूला ते पटलं, पण त्याचं दुसरं म्हणणं सुरू झालं. बाराशेसाठी अकाउंट्सवाल्यांशी कोण डोकं लावणार? बँकेत आलं ते आपलं, बाकी सोडून द्यायचं. संदेशही थोडा त्याच्याच बाजूला झुकलेला. त्याने घरखर्चाच्या वहीत पंधरा हजार 'जमा' म्हणून लिहिले होते आणि आता हे १,१९०सुद्धा तसेच लिहायला निघाला होता.

यावर भाई चिडले, आणि मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. ॲडव्हान्स ही कमाई नव्हे. हिशेब देईपर्यंत ते पैसे तुझ्या नावावर कंपनीचं येणं असतं. हिशेब दिलाच नाहीस तर बहुतेक ठिकाणी पगारातून कापून घेतात. शेवटी जमा होते ती रक्कम म्हणजे मंजूर खर्चातून ॲडव्हान्स वजा जाता उरलेला फरक. त्या एका आकड्यावरून काय कापलं ते कधीच कळत नाही. जेवणात कापलं असेल, टॅक्सीत कापलं असेल, किंवा मागच्या दौऱ्याची बाकी वळती केली असेल. फरक तोच दिसतो.

"म्हणून वहीत दौऱ्याची एक ओळ कर," भाई म्हणाले. "उचल, दिलेलं बिल, मंजूर, जमा. यातला 'मंजूर' बँक सांगत नाही, तो अकाउंट्सकडूनच घ्यावा लागतो."

संदेशने कंपनीच्या पोर्टलवर क्लेम उघडला. बाबवार पाहत गेलो. रेल्वे १,६४०, लॉज तीन रात्रींचे ६,६००, सुटे भाग ४,३००. हे तिन्ही पूर्ण पास. जेवणाची बिलं २,७५० ची, पण कंपनीची मर्यादा दिवसाला ७००, म्हणजे तीन दिवसांचे २,१००. इथे ६५० गेले. रिक्षा-टॅक्सीचे २,१५० मागितले होते, त्यातल्या ६०० च्या एका फेरीला पावतीच जोडलेली नव्हती. पास झाले १,५५०. एकूण मंजूर १६,१९०. त्यातून पंधरा हजार वजा केले की बरोबर १,१९०.

राजू म्हणाला, "जुळलं ना? मिटलं."

इथेच माझा राजूशी वाद आहे. आकडा जुळला म्हणून पैसे मिटत नाहीत. ६५० खरोखर गेले, कारण मर्यादा ठरलेली आहे. ते संदेशच्या स्वतःच्या खर्चात धरायचे. पण ६०० अजून येऊ शकतात, कारण तिथे नाकारला आहे तो कागद, खर्च नाही. टॅक्सीवाल्याला पैसे यूपीआयने दिले होते, व्यवहाराची नोंद मोबाइलमध्ये होती. नुसती ती नोंद चालते की सही केलेली पावतीच लागते, हे मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. विचारायला लागतं, आणि क्लेम पुन्हा उघडायची मुदत संपण्याआधी.

भाईंनी मग एक खोच काढली. संदेशने मधल्या काळात गोव्याच्या दौऱ्यासाठी आणखी आठ हजार उचलले होते. "हे सहाशे आता मंजूर झाले तर खात्यावर येतीलच असं नाही. त्या आठ हजारांत वळते करतील. तू बँकेत वाट बघत बसशील आणि ते केव्हाच मिळालेले असतील. म्हणून मंगळूरची ओळ बंद करू नकोस, आणि गोव्याचा हिशेब देताना तुझ्या नावावर ॲडव्हान्स किती दिसतो ते बघ. ७,४०० दिसला तर सहाशे मिळाले. ८,००० दिसला आणि बँकेतही काही आलं नाही, तर ते अडकलेत."

राजू गप्प झाला नाही. एवढं सगळं नोकरी सांभाळून कोण लिहिणार, असं त्याचं चालूच होतं. संदेशने मात्र तिथेच मेल लिहायला घेतला. क्लेमचा नंबर, जमा झाल्याची तारीख, बँकेच्या नोंदीतला यूटीआर नंबर, आणि खाली एकच प्रश्न: टॅक्सीच्या ६०० रुपयांसाठी यूपीआयची नोंद चालेल का, आणि मंजूर झाल्यास रक्कम खात्यावर येईल की पुढच्या ॲडव्हान्समध्ये वळती होईल?