गळा आमच्या बुवांचा, दावा भलत्याचाच!

डोकं नुसतं सणकलंय. टिळक रोडवरच्या सभागृहात बुवांचं यमन रागावर सप्रयोग व्याख्यान झालं, दोन तासांचं लाइव्ह. रात्री उशिरापर्यंत बसून त्यातून १ मिनिट १४ सेकंदांचा शॉर्ट काढला, आणि सकाळी बघते तर यूट्यूबवर सगळ्या देशांत ब्लॉक! का, तर आवाज आपोआप जुळवून बघणाऱ्या कंटेंट आयडी यंत्रणेतून कुठल्याशा म्युझिक कंपनीचा दावा आलाय.

दावा उघडला की कुठून कुठपर्यंत जुळलंय ते दिसतं. ०:०४ ते १:११. म्हणजे अख्खी क्लिपच की! त्यात बुवा चार सूर गातात, थांबून बोलतात, परत गातात. मग ज्या ट्रॅकशी म्हणे हे जुळतं, तो शोधून हेडफोन लावून ऐकला. गायक वेगळा, राग वेगळा, बंदिश वेगळी. सारखी गोष्ट एकच, मागचा तानपुरा. तोही मोबाइलच्या अ‍ॅपवरचा, काळी एकच्या पट्टीत लावलेला. तोच तानपुरा लावून निम्मं पुणं रियाज करतं. कंटेंट आयडीत नोंदवायचं तर तो आवाज फक्त तुमच्याच मालकीचा असला पाहिजे, असा नियम आहे. बाजारात सगळ्यांना मिळणारा तानपुरा घ्यायचा, त्यावर गायचं, अख्खा ट्रॅक नोंदवून टाकायचा आणि मग झोपा काढायच्या. दावे मशीन करतंय. कान कुणाचेच लागत नाहीत.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? दोन तासांच्या मूळ व्हिडिओवर ह्याच कंपनीचा हाच दावा आहे, आणि तो व्हिडिओ मजेत चालू आहे! जाहिरातीचे पैसे तेवढे तिकडे जातात. यूट्यूबनं ऑक्टोबर २०२४ मध्ये शॉर्टची मर्यादा एक मिनिटावरून तीन मिनिटांवर नेली, पण एक मिनिटाच्या वरच्या शॉर्टवर कसलाही दावा असला की तो जगभर बंद. दावेदाराला नुसते पैसे हवे असले तरी बंदच. तोच आवाज, तोच माणूस, तीच सतरंजी. दोन तास दाखवलं तर चालतं, चौऱ्याहत्तर सेकंद दाखवलं तर गुन्हा!

"अगं, मग एक मिनिटाच्या आत बसव ना," इति आयोजक काका. बसवते की! एक मिनिटाच्या आत ब्लॉक होत नाही, मलाही ठाऊक आहे. पण त्या क्लिपमध्ये आहे काय, ते ऐकलंय का कुणी? बुवा 'नी रे ग' घेतात आणि विचारतात, "षड्ज कुठे गेला?" मग यमनात वर चढताना षड्ज, म्हणजे सा, कसा टाळतात, टाळल्यामुळे त्याची ओढ कशी वाढते, हे गाऊन दाखवतात. सगळं सभागृह ताटकळलेलं, आणि १:०९ ला षड्ज लागतो. पहिल्या रांगेतल्या आजी दाद देत मान डोलावतात. हे ५८ सेकंदांत कापू? षड्जच कापू? प्रश्न मधूनच चालू करू, म्हणजे ओढ कशाची होती ते कळणारच नाही?

कापणं म्हणजे काय, हे कुणाला समजावूनच घ्यायचं नाहीये. आडव्या १९२० पिक्सेलमधून उभ्या फ्रेमला जेमतेम ६०८ मिळतात, तिसऱ्या हिश्शाहून कमी. सभागृहवाल्यानं कॅमेरा मागे एका जागी ठोकून ठेवलेला. बुवा घेतले तर तबला जातो, तबला घेतला तर बुवांचा हात जातो. बरं, तेवढंच ताणून मोठं केलं की चेहरा पिठासारखा दिसतो. तरी काकांचा मेसेज, "संध्याकाळपर्यंत पाच रील्स दे, नुसतं कापायचंय."

हे कमी होतं म्हणून काल दुसऱ्या एका अ‍ॅपवर आमचाच तुकडा सापडला. भलत्याच पेजनं मूळ व्हिडिओतून उचललेला. चित्र उलटं केलंय, त्यामुळे तबलजी डावखुरा झालाय. वेग वाढवलाय, त्यामुळे काळी एकचा सूर पांढरी दोनला जाऊन बसलाय आणि बुवांचा भारदस्त आवाज चिरका झालाय. हे मुद्दाम करतात, मशीनला आवाज ओळखू येऊ नये म्हणून. वर स्वतःचा लोगो! त्यांच्यावर दावा नाही, ब्लॉक नाही, खाली लोक बदाम टाकतायत. जो प्रामाणिकपणे मूळ सुरात ठेवतो तो पकडला जातो, आणि सूर बिघडवणारा सुटतो. संगीताच्या बाबतीत ह्याहून मोठा अपमान मला तरी माहीत नाही.

हरकत नोंदवली आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की जुळतोय तो अ‍ॅपचा तानपुरा, गाणं नव्हे. उत्तर द्यायला त्या कंपनीला ३० दिवस आहेत. बुवांची बैठक ह्या रविवारी आहे, आणि शॉर्ट काढला होता तो तिच्यासाठीच. काकांना सांगितलंय, पाच नाही, एकही रील षड्जाशिवाय जाणार नाही.