'राडा' कोशात कुणाच्या परवानगीनं?

दिलीपच्या पुतणीच्या निबंधात बाईंनी 'राडा' या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. तिनं घरातला छोटा कोश उघडला. त्यात शब्द सापडला नाही, म्हणजे बाईंचंच बरोबर, असं ठरलं. संध्याकाळी दिलीपनं हे प्रकरण कट्ट्यावर शिरीषपुढे ठेवलं. शिरीष कोशाच्या कामात मुरलेला, तर दिलीप शब्दाशब्दावर अडणारा वाचक. दोघं शाळेपासूनचे, त्यामुळे कुणी कुणाला सहज सोडत नाही. अनू आणि मी ऐकत होतो, मधूनमधून तोंड घालत होतो. त्या वादातलं जमेल तेवढं इथे लिहून काढतोय. घराघरात कोश असतो, पण त्यात शब्द कसा पोचतो हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

"माझं म्हणणं सरळ आहे," दिलीप म्हणाला. "तुम्ही दहा जण खोलीत बसून ठरवता, हा शब्द आत, तो बाहेर. आणि लोक बोलतील ते सगळंच घेणार असाल, तर मग तुमची गरजच काय?"

"आम्ही परवानगी देत नाही रे. आमच्याकडे पुरावा जमतो. तो पुरेसा झाला की नोंद करावीच लागते, शब्द आवडो किंवा न आवडो."

"पुरावा म्हणजे?"

"चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे वापरलाय ते पूर्ण वाक्य, कुठे छापलं, कधी, कुणी लिहिलं. आता काम संगणकावर चालतं, पण चिठ्ठीतला मजकूर तोच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी संपादक मरे यांनी १८७९ साली लोकांना जाहीर आवाहन केलं होतं, की वाचताना सापडलेली वाक्यं आम्हाला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडलं."

दिलीपला हे पटण्यासारखं नव्हतं. "इतका कागद कशाला? जाणकार माणूस सांगेल ना, हा शब्द आहे की नाही ते."

तेव्हा शिरीषनं 'डॉर्ड'ची गोष्ट सांगितली. मला ती आधी माहीत नव्हती. अमेरिकेत वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९३४ साली निघाली. तिच्यात 'डॉर्ड' नावाचा शब्द होता आणि अर्थ दिला होता घनता. असा शब्द जगात कुणीच वापरत नव्हतं. झालं असं, की १९३१ साली कोशाच्या रसायनशास्त्राच्या संपादकांनी एक चिठ्ठी लिहिली, 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी, हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे. ती जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात, गेली शब्दांच्या गठ्ठ्यात. शीर्षशब्द टंकताना अक्षरांमध्ये जागा सोडायची पद्धत होती, त्यामुळे 'डी ऑर डी' हा सलग एक शब्द वाटला. मग कुणीतरी उच्चार दिला, छपाई झाली. १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. मागे जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला.

"आता बघ," शिरीष म्हणाला, "चिठ्ठी लिहिणारा जाणकारच होता आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. पण त्या चिठ्ठीवर वापराचं वाक्य नव्हतं. 'या द्रवाचा डॉर्ड इतका इतका' असं एक तरी वाक्य दाखवा, असं कुणी म्हटलं असतं तर ते मिळालंच नसतं आणि शब्द तिथेच गळला असता. जाणकाराचं मत आम्हाला लागतंच, पण ते वाक्याची जागा घेऊ शकत नाही."

दिलीप थोडा वेळ गप्प राहिला आणि मग थेट 'राडा'वर आला. "ठीक. मग याची वाक्यं तर ढिगानं आहेत. रोज पेपरात. तरी छोट्या कोशात का नाही?"

"छोट्या कोशात पानं मोजकी, तिथे गाळणं हेही काम आहे. तिथे नाही म्हणजे मराठीत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. मोठ्या कोशाचं विचारशील, तर ढिगाचा आधी निवाडा करावा लागतो. 'सभेत राडा' अशी एकच बातमी एका वृत्तसंस्थेकडून पाच पेपरांत गेली, तर ती पाच वाक्यं नाहीत, एकच आहे. एका नाटकाच्या नावात शब्द आला आणि त्या नाटकाच्या पन्नास जाहिराती निघाल्या, तरी पुरावा एकच. मला हवी असतात एकमेकांशी संबंध नसलेली माणसं, वेगवेगळ्या गावची, वेगवेगळ्या प्रकारचं लिहिणारी. पेपर, कथा, पत्र, कोर्टातला जबाब, आणि मधे काही वर्षांचं अंतर. ठरलेला आकडा नाही. एका उन्हाळ्यात शंभरदा आलेला शब्द पावसाळ्यानंतर दिसेनासा झाला, तर मी थांबतो. वीस वर्षांत पंधराच वेळा आला, पण पंधरा ठिकाणी आला, तर घेतो."

मग त्यानं एक बारकावा सांगितला. तो ऐकल्यापासून मी पेपर वेगळ्या नजरेनं वाचतोय. शब्द नवखा असताना लेखक त्याला अवतरणचिन्हांत ठेवतो, किंवा पुढे 'म्हणजे मारामारी' असं जोडतो. हळूहळू ती चिन्हं गळतात, खुलासा गळतो. लेखकानं धरून चाललेलं असतं की वाचकाला हे कळतं. दुसरी खूण व्याकरणाची. मराठीत शब्द रुळला की त्याचं सामान्यरूप सहज होतं, राड्यात, राड्यामुळे, आणि त्याला पिल्लं होतात. 'राडेबाज', 'राडेबाजी' लिहिताना कुणी अडखळत नाही. शब्दापासून दुसरे शब्द निघू लागले की त्याला कोशाबाहेर ठेवणं अवघड.

अनूचं माहेर साताऱ्याकडचं. ती म्हणाली, "पण आमच्याकडे राडा म्हणजे मारामारी नाहीच मुळी. पावसानं अंगणात चिखल झाला, तर तो राडा. पोरांनी मोरीत पाणी-माती एक केलं, तर तो राडा."

"आणि पुण्यात बांधकामाचा राडारोडा," मी म्हटलं.

शिरीष खुलला. इथेच खरं काम सुरू होतं, असं त्याचं म्हणणं. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि अर्थानुसार ढीग करायचे. 'वळवाच्या पावसानं रस्त्यात राडा झाला', हा चिखलाचा ढीग. 'तू त्या कामाचा पार राडा करून ठेवलास', हा विचक्याचा. 'दोन गटांत राडा, चौघे जखमी', हा मारामारीचा. आणि काही चिठ्ठ्या बाजूला काढाव्या लागतात. 'काल तिथे मोठा राडा झाला', एवढंच वाक्य असेल तर चिखल झाला की डोकी फुटली ते कळत नाही. शब्द आहे एवढं ती चिठ्ठी सांगते, अर्थ सांगत नाही. म्हणून टिपणाऱ्यानं मागचंपुढचं वाक्यही उतरवायचं असतं. बरेच लोक तेवढंच विसरतात.

"मग हे तीन शब्द की एका शब्दाचे तीन अर्थ?" दिलीपनं विचारलं. आता तो भांडत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चिखलापासून विचक्यापर्यंतची वाट सरळ आहे, माती कालवली काय आणि काम कालवलं काय. विचक्यापासून दंग्यापर्यंतही एक पाऊल आहे, हे मानता येतं. पण हिंदीत 'रार' म्हणजे भांडण, राजस्थानीत 'राड'. मारामारीचा राडा तिकडून आला असेल, तर तो वेगळा शब्द, वेगळी नोंद. निकाल लावायचा तर मधल्या पायरीची वाक्यं हवीत, जिथे गोंधळही आहे आणि भांडणही, आणि ती मारामारीच्या वाक्यांपेक्षा जुनी हवीत. ती मिळाली तर एक नोंद. नाही मिळाली तर दोन, आणि व्युत्पत्तीच्या जागी प्रश्नचिन्ह. ते घालायला लाजायचं नाही. ओढूनताणून दिलेल्या व्युत्पत्तीनं वाचक फसतो."

अनूला मात्र दुसरंच खुपत होतं, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार आक्षेप तिचाच होता. "माझ्या आज्जीचा राडा कधी छापला गेला? जात्यावरच्या बाईचे, होडीवाल्याचे, धनगराचे शब्द तुमच्या चिठ्ठीवर येणार कसे? पेपरवाल्यांची मारामारी येते, कारण ती छापतात."

शिरीषनं हे टाळलं नाही. छापील मजकुरावर उभा राहिलेला कोश छापणाऱ्यांच्या बाजूला कलतो, हे त्यानं सरळ मान्य केलं. मराठीच्या कोशकारांनी यावर आपापल्या परीनं वाट काढली, असंही त्यानं सांगितलं. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७च्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. त्या काळात छापील मराठी गद्य होतं किती? पोथ्या होत्या, दप्तरं होती, आणि बाकी बोलणाऱ्यांच्या तोंडून मिळवावं लागत होतं. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला, १९५० साली पुरवणी आली. त्यात ज्ञानेश्वरीतला दाखला असतो, तसाच नुसता प्रदेशाचा संक्षेप असलेला शब्दही असतो, गोव्याकडचा, वऱ्हाडातला, कुडाळकडचा.

"बोलीतल्या शब्दाला पुरावा लागतोच," तो म्हणाला, "फक्त त्याची जात वेगळी. एका गावच्या आज्जीनं वापरला, तिला न ओळखणाऱ्या दुसऱ्या गावच्या माणसानंही वापरला, दोघांचं वाक्य ध्वनिमुद्रित आहे, गाव आणि वय लिहिलेलं आहे, तर माझ्यासाठी ते छापील वाक्याइतकंच मोलाचं. मात्र 'आमच्याकडे असं म्हणतात' एवढ्यावर नाही घेता येत. सांगताना माणूस वाक्य मनानं रचतो. सहज बोलताना निसटलेलं वाक्य हवं."

दिलीपची शेवटची अट राहिली होती. "घ्या, पण पुढे 'अशिष्ट' लिहा."

"का?"

"मारामारीचा शब्द आहे."

"खून हाही शब्द आहे. शेरा वस्तूला नसतो, वापराला असतो. अग्रलेखात राडा येतो का? येतो. सरकारी आदेशात येतो का? नाही, तिथे 'हाणामारी' किंवा 'दंगल' येते. म्हणून 'अनौपचारिक'. चिखलाच्या अर्थापुढे 'बोली', आणि प्रदेशाचं नाव. अशिष्ट म्हणायचं, तर लोक चारचौघांत तो टाळतात असं दाखव."

दिलीपनं ते मानलं नाही. त्याच्या मते शाळकरी मुलीच्या निबंधात तो टाळायलाच हवा आणि बाईंची लाल रेघ हाच त्याचा पुरावा. शिरीषनं जरा विचार केला आणि म्हणाला की रेघ हा पुरावा आहे खरा, पण एका बाईंचा. तशा आणखी वह्या आण, वेगवेगळ्या शाळांच्या, मग बोलू.