महोदय कोण?

सोसायटीची सचिव होऊन तीन वर्षं झाली, तरी येणारं प्रत्येक पत्र 'महोदय' म्हणूनच सुरू होतं. परवा तर कहर! लिफ्टवाल्यांचं पत्र: 'प्रति, मा. श्री. सचिव साहेब'. मा.ही, श्री.ही आणि वर साहेबही! फोन करून सांगितलं, बाबा रे, मी बाई आहे. पुढचं पत्र आलं, 'सौ. सचिव'. अहो, माझ्या लग्नाची चौकशी कधी केलीत? 'श्रीमती' लिहा म्हटलं, तर पलीकडचा चाचरला, "पण मॅडम, तुमचे मिस्टर...?" आहेत हो, ठणठणीत आहेत! सरकारी कागदावर श्रीमती कुठल्याही बाईला चालतं. 'विधवा' हा अर्थ लोकांच्याच डोक्यात घट्ट बसलाय.

नाव माहीत नाही ना? मग 'प्रति, मा. सचिव', खाली सोसायटीचं नाव, आणि थेट 'सप्रेम नमस्कार'. झालं! पुढे 'आपण कळवावे' लिहिलं की क्रियापदसुद्धा समोर बाई की बुवा ते विचारत नाही. एवढी आयती सोय सोडून हे लोक 'महोदय/महोदया' छापतात, आणि त्यातलं एक खोडायचंही विसरतात.