चौथी बादली

गच्चीची गळती थांबवणाऱ्या एका कंत्राटदारासाठी काल सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा अभिप्राय मोबाईलवर घ्यायचा होता. काकूंना खिडकीकडे तोंड करून बसवलं, कारण खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळाठिक्कर दिसतो. कॉलर माईक हनुवटीच्या वीतभर खाली, फोन एअरप्लेन मोडवर. पंखा बंद केला; आपल्या कानाला त्याची सवय असते, माईकला नसते. तेवढ्यात शेजारचे आजोबा पेपर घेऊन आले आणि पंखा लावून बसले.

"शूटिंग का? चालू द्या. मी मधे बोलणार नाही."

"काम कसं झालं?" हे विचारायचंच नाही. त्याला "छान" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्या छानवर कोणी स्वतःची गच्ची उकरून घेत नाही. उत्तरात एखादी वस्तू, आकडा किंवा दिवस आलाच पाहिजे, असा प्रश्न हवा. तोही आधीच्या त्रासाबद्दल. तो कळला नाही तर नंतरचा फरक कळणार कसा? म्हणून विचारलं, "मागच्या वर्षी पाऊस लागला की या खोलीत काय काय करावं लागायचं?"

"बादल्या ठेवायचो. तीन."

"चार," आजोबा म्हणाले. "चौथी आमची. अजून परत आलेली नाही."

"निळी ना? तुम्हीच म्हणालात, राहू द्या."

"पावसाळ्यापुरती म्हणालो होतो!"

आता हे सगळं पुन्हा घेणं आलं. पण तोच प्रश्न परत विचारला की माणूस "मघाशी सांगितलं ना" अशा सुरात बोलतो आणि सगळा जीव जातो. दुसऱ्या वाटेनं शिरावं लागतं. "यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री उठून छत बघितलंत का?" माझा आवाज नंतर कापला जाणार, म्हणून "यंदाच्या पावसात..." अशी सुरुवात तेवढी करायला सांगितली. पुढचे शब्द आपण पुरवायचे नाहीत. प्रश्नही आधी देऊन ठेवायचे नाहीत, नाहीतर लोक पाठ करून बातम्या दिल्यासारखे बोलतात.

"यंदाच्या पावसात दोनदा उठले. छत कोरडं होतं." काकू थांबल्या. इथे "वा!" न म्हणता मनात तीन आकडे मोजायचे. दुसऱ्या आकड्याला काकू म्हणाल्या, "मग पलंग परत भिंतीला लावला. दोन वर्षं खोलीच्या मधोमध होता."

याच्यासाठीच तर सगळा खटाटोप! आणि लगेच मागून आवाज: "एवढं शिकून हेच करता का तुम्ही?" नशीब, पलंग भिंतीला लागून झाला होता; पुढचं कापता आलं.

कंत्राटदाराचा आज निरोप आला. "पलंग-बिलंग काढा. 'सेवा उत्तम, दर वाजवी' एवढंच ठेवा आणि मागे संगीत टाका." हे वाक्य पार्लरलाही चालतं, पतपेढीलाही चालतं. माझ्या बिलाला मात्र चालत नाही. तिथला दर त्यांना अवाजवी वाटतोय.