कोट दिसला की थांबा

सीएसव्ही म्हणजे कॉमाने तोडलेला मजकूर, त्यात पार्स करण्यासारखं असतंच काय, असं म्हणणाऱ्याने गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांची फाईल कधी उघडलेली नसते. माझ्या वाट्याला आलेली फाईल तीन कॉलमची, नंबर, शेरा, नग, आणि वरून हुकूम की लायब्ररी लावायची नाही, काय ते हाताने लिहा. त्यात हे महाशय बसलेले:

```
7,"नको, परत घ्या
म्हणे ""मजबूत"" होतं",2
```

दिसायला दोन ओळी, पण रेकॉर्ड एकच बरं का. कोटच्या आतला कॉमा आणि एंटर हा निव्वळ मजकूर. ओळीओळीने वाचून कॉमावर तोडलं तर पहिल्या ओळीचे तुकडे पडतात `7`, `"नको` आणि `परत घ्या`, म्हणजे बरोब्बर तीन! कॉलम मोजणारी तपासणी खुशाल पास, आणि नग किती, तर "परत घ्या". दुसऱ्या ओळीचे दोनच तुकडे पडतात म्हणून एरर तिच्या नावावर, आणि खरी भानगड वरच्या ओळीत मजेत बसलेली.

त्यामुळे ओळ हा प्रकारच विसरायचा आणि एकेक अक्षर वाचत जायचं, आपण कोटच्या आत आहोत की बाहेर एवढं लक्षात ठेवून. फील्डचं पहिलंच अक्षर कोट असेल तर आत शिरायचं. बाहेर कॉमा आला की फील्ड संपलं, एंटर आला की रेकॉर्ड संपला, आणि आत असताना दोघांनाही गपगुमान साठवायचं. इथवर सोपंय.

डोक्याला ताप तो आतल्या कोटचा. तो दिसला म्हणून लगेच बाहेर पडायचं नाही, पुढचं अक्षर काय म्हणतंय ते आधी बघायचं. "मजबूत"च्या आधी कोट, पुढे परत कोट, म्हणजे मजकुरातला एक खरा कोट, एकच साठवा आणि आतच राहा. "होतं"नंतर कोट, पुढे कॉमा, म्हणजे फील्ड खरंच संपलं. पुढे एंटर किंवा फाईलचा शेवट आला तरी संपलं (विंडोजवाल्या फाईलीत एंटरच्या आधी `\r` असतो, त्याचीही सोय बघा). आणि यातलं काहीच नाही, भलतंच अक्षर आलं, तर फाईल बिघडलेली आहे. अंदाजाने सावरत बसू नका, सरळ एरर द्या. आरएफसी ४१८० मध्ये हे नियम लिहिलेत, पण तो आला २००५ साली, तोवर प्रत्येकाने आपापला सीएसव्ही काढून झाला होता.

सगळ्यात बेरकी फाईल ती, जिच्यात कोट उघडलाय पण बंदच केलेला नाही. तिथे कॉमा, एंटर, पुढचे सगळे रेकॉर्ड शेऱ्यात जमा होत जातात, आणि पुढे कुठे कोट भेटलाच नाही तर पार्सर हूं की चूं करत नाही. म्हणून कोट उघडला तो ओळ नंबर जपून ठेवायचा आणि फाईल संपली तरी आपण आतच असू तर तोच नंबर एररमध्ये छापायचा, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाने अख्ख्या फाईलीएवढी तक्रार केली असं रिपोर्टात जातं.